तीनचा खेळ, एक तिकीट

एक कथा मनाशी धरू या. साठी ओलांडलेली एक बाई, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, लग्नाच्या वाढदिवशी दुपारी तीनच्या खेळाला एकटीच जाते. सिनेमा पाहते आणि घरी परत येते. यापलीकडे घटना नाही. या बाईंना आपण सुमनताई म्हणू. कथालेखन शिकवताना हा विषय मी पुन्हा पुन्हा देते. तो सोपा वाटतो, आणि म्हणूनच त्यावरच्या बहुतेक कथा पहिल्या पानातच रडू लागतात. शेजारची खुर्ची रिकामी, पडद्यावर प्रेमगीत, पर्समध्ये नवऱ्याचा फोटो. वाचकाला काय वाटायचं ते लेखकाने आधीच ठरवून टाकलेलं असतं, मग वाचकाकडे कामच उरत नाही.

ही कथा कुठे आहे ते शोधायचं तर आधी तारखेपाशी थांबावं लागतं. माणूस गेल्यानंतरच्या दिवसांची आपल्याकडे पक्की व्यवस्था आहे. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, पुढे दर वर्षी त्या तिथीला श्राद्ध, भाद्रपदात पितृपक्ष. त्या दिवशी काय रांधायचं, पान कुठे ठेवायचं, कुणाला बोलवायचं, हे ठरलेलं असतं. मन कुठेही असलं तरी हातांना काम असतं. लग्नाच्या वाढदिवसाला मात्र असं काहीच नाही. दोघं असतात तोवर तो दिवस श्रीखंडाचा, साडीचा, फोटोचा. एक जण गेला की तो दिवस शुभ नाही आणि अशुभही नाही. शुभेच्छा देता येत नाहीत, सांत्वन करायला कुणी येत नाही. कॅलेंडरवर तारीख तशीच असते आणि त्या दिवशी काय करायचं ते कुणी सांगून ठेवलेलं नसतं.

इथे एक खरी गोष्ट आठवते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं, हे त्या गावाने थांबवायचं ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. त्या ठरावाबद्दल मला मनापासून आदर आहे. सुमनताईंची गोष्ट मात्र त्याच्या पुढच्या टप्प्यावर सुरू होते. त्या शहरात राहतात, कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतं, टिकली लावतात आणि त्यांना कुणी काही बोलत नाही. त्यांना अडवणारी प्रथा उरलेली नाही, पण त्या दिवशी हात धरून नेणारीही प्रथा नाही. त्यांना स्वतःपुरती एक पद्धत घालून घ्यावी लागते. सिनेमा ही ती पद्धत. एवढं लक्षात आलं की कथा एकटेपणाची राहत नाही. एक बाई रिकाम्या दिवसाचं काय करते, याची होते.

आता दुपारच का? लेखक बहुधा सहजच दुपार निवडतो. पण कथेत प्रत्येक वेळेला कारण लागतं. आपल्याकडे चातुर्मासात लग्नं होत नाहीत, आणि शाळांच्या सुट्ट्या धरून कितीतरी लग्नं मे महिन्यात लागतात. सुमनताईंचंही तसंच झालं असं धरू. म्हणजे वाढदिवस ऐन उन्हाळ्यात. दुपारी अडीचला सोसायटीचा जिना रिकामा असतो, वॉचमन पेंगत असतो. या वेळी बाहेर पडलं की ‘आज कुठे?’ असं विचारणारं कुणी भेटत नाही. तीनचा खेळ सहाच्या आत सुटतो आणि दिवेलागणीला घरी पोचता येतं. इतकी वर्षं घड्याळ सांभाळलेल्या बाईला हे गणित करावं लागत नाही, ते आपोआप होतं.

याखाली आणखी एक कारण आहे, आणि कथेचा जीव तिथे आहे. एकपडदा चित्रपटगृहांच्या काळात तीन, सहा आणि नऊ हे रोजचे खेळ असत. त्याआधीची मॅटिनी वेगळी, तिला बरेचदा जुने चित्रपट लागत आणि दरही कमी असे. नोकरदार नवरा संध्याकाळी घरी यायचा, म्हणून जोडप्याचा खेळ नऊचा. तीनचा खेळ बायकांचा, शेजारणींबरोबर, मुलं शाळेतून यायच्या आत. म्हणजे सुमनताई तीनचा खेळ निवडतात तेव्हा त्या जुना दिवस पुन्हा उभा करत नाहीत. नऊचा खेळ दोघांचा होता, त्याला त्या हात लावत नाहीत. कथेत हे अर्ध्या वाक्यात यावं. लेखकाने त्यावर परिच्छेद लिहिला की त्याची धार गेली.

सिनेमा कोणता, यावर नवा लेखक हमखास घसरतो. लग्नाच्या वर्षी पाहिलेलाच चित्रपट पुन्हा दाखवावा असं त्याला वाटतं. ते अशक्य नाही. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये लागलेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ वर्षानुवर्षं चालत राहिला आहे. पण तसा योग जुळवला की कथा चित्रपटाच्या आठवणींची होते आणि बाई मागे पडते. पडद्यावर विधवेची गोष्ट दाखवणं त्याहून वाईट. मग पडदा बाईचा आरसा होतो आणि वाचक तिच्याऐवजी पडद्याकडे बघू लागतो. त्या आठवड्यात लागलेला कुठलाही बेताचा विनोदी चित्रपट पुरे. त्यात एखादा हरवलेला मेहुणा असावा, एक खोटं लग्न असावं, दोन प्रसंगांना खरंच हसू यावं.

प्रसंग क्रमाने पाहू. तिकीट. मल्टिप्लेक्सच्या खिडकीतला मुलगा पडदा सुमनताईंकडे वळवतो आणि विचारतो, ‘किती मॅम?’ त्या ‘एक’ म्हणतात. तो खुर्च्यांचा नकाशा दाखवतो. आजवर खुर्ची निवडायचं काम त्यांच्याकडे कधी आलंच नव्हतं. तिकिटं ते काढून आणायचे, या मागून चालायच्या. कुठली खुर्ची आवडते हे त्यांना माहीत नाही. मागे पाच जण उभे आहेत. त्या कडेची खुर्ची सांगतात. इथे दुःखाचा शब्द नाही, तरी चाळीस वर्षांचा संसार कसा चालला ते कळतं.

मग राष्ट्रगीत. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत २००३ पासून खेळाआधी ते लावायची रीत पडली. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, आणि अजून एकाही विद्यार्थ्याच्या कथेत तो आलेला मी पाहिलेला नाही. अंधारात बसलेली एकटी बाई कुणाला दिसत नाही. राष्ट्रगीताला मात्र बावन्न सेकंद उभं राहावं लागतं, आणि उजेड अजून पुरता गेलेला नसतो. मे महिन्यातल्या दुपारी सभागृहात जेमतेम वीस माणसं. कोण कुणाबरोबर आलं आहे ते त्या बावन्न सेकंदांत सगळ्यांना दिसतं. सुमनताई पर्स छातीशी धरून ताठ उभ्या आहेत. रिकाम्या खुर्चीचं वर्णन मी विद्यार्थ्यांना गाळायला लावते, कारण इथे ते काम आधीच झालेलं असतं.

सिनेमा सुरू होतो आणि कथेपुढची खरी अडचणही. दोन-अडीच तास बाई नुसती बसलेली आहे. बहुतेक जण इथे भूतकाळ उघडतात. लग्न, मुलं, आजारपण, दवाखाना. प्रत्येक आठवण वाचकाला सभागृहाबाहेर नेते आणि परत आल्यावर कथा थंड झालेली असते. कॅथरिन मॅन्सफिल्डची ‘मिस ब्रिल’ ही १९२० ची कथा यासाठी वाचावी. फ्रान्समधल्या एका बागेत दर रविवारी बँड ऐकायला येणारी एकटी बाई, एवढीच ती कथा. बाईचं पूर्वायुष्य जवळजवळ येतच नाही. समोरच्या माणसांकडे ती कशी बघते, एवढ्यावर लेखिकेने तिचं सगळं आयुष्य उभं केलं आहे.

सुमनताईही पडद्याकडे बघतात, पण कशा? त्यांच्या नवऱ्याला सिनेमात झोप लागायची. नऊचा खेळ, दिवसभराचं काम, पहिल्या गाण्यानंतर मान कलायची. परत येताना रिक्षात ते विचारायचे, ‘मग पुढे काय झालं?’ आणि या सांगायच्या. सुमनताईंनी आयुष्यभर सिनेमे दोघांसाठी पाहिले. मध्यंतरात हातात पॉपकॉर्नचा डबा धरून त्या उभ्या असतात तेव्हा त्यांच्या लक्षात येतं की आपण आताही तसंच करतो आहोत. मेहुणा कसा हरवला, चिठ्ठी कुणी लपवली, सगळं सांगता येईल असं मनात ओळीने लावतो आहोत. कथा इथे वळते. मध्यंतराची जागा त्यासाठी नेमकी आहे, कारण दिवे लागलेले असतात आणि पडदा कोरा असतो. त्यांना रडवू नये. त्या परत आत जातात आणि उरलेला सिनेमा अधिक लक्ष देऊन पाहतात.

मध्यंतरात भेटणारी समजूतदार अनोळखी बाई ही आणखी एक ठरलेली चूक. ती दोन शहाणपणाची वाक्यं बोलते आणि कथा सुटल्यासारखी वाटते. चेखॉव्हने १८८६ मध्ये लिहिलेल्या एका कथेत मुलगा गेलेला घोडागाडीवाला रात्रभर एकेका गिऱ्हाइकाला ते सांगू बघतो. कुणी ऐकून घेत नाही आणि शेवटी तो घोड्याला सांगतो. चेखॉव्हने समजूतदार माणूस मुद्दाम येऊ दिला नाही. सांगायची गरज भागली नाही, म्हणून ती वाचकापर्यंत पोचली.

सुमनताईंनाही सांगायचं आहे. फरक एवढाच, की त्यांना दुःख सांगायचं नाही, सिनेमा सांगायचा आहे. म्हणून शेवट सोसायटीच्या जिन्यात करावा असं मला वाटतं. पावणेसहा वाजलेत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन वर चढताहेत. ‘कुठे जाऊन आलात, सुमनताई?’ ‘पिक्चरला.’ वहिनी ‘एकट्याच?’ असं विचारणार, हे प्रत्येक वाचकाला आधीच कळतं, म्हणून ते विचारू देऊ नये. त्यांनी विचारावं, ‘कसा होता?’ आणि सुमनताईंनी पहिल्या प्रसंगापासून सुरुवात करावी. मेहुणा, स्टेशन, चिठ्ठी. वहिनींना स्वयंपाकाची घाई आहे, त्या पिशवी या हातातून त्या हातात घेतात, तरी थांबतात. हसू यायच्या जागी सुमनताई आधी स्वतःच हसतात. त्या मध्यंतरापर्यंत आल्या की लेखकाने कथा थांबवावी. तारखेचा उल्लेख त्यांच्या तोंडून येऊ देऊ नये. तो पहिल्या पानावर, मुलाच्या सकाळच्या फोनमध्ये येऊन गेलेला असतो. मुलगा गॅसच्या सिलिंडरबद्दल विचारतो, बँकेच्या कागदांबद्दल विचारतो, आणि ठेवताना नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ घुटमळतो. त्याला तारीख आठवत होती की नव्हती, हे लेखकाला माहीत असावं आणि त्याने ते लिहू नये.