शिफ्टच्या आधीची सात मिनिटं

2016 ते 2021 या काळात पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या मराठी लाइनवर मी काम केलं. शेवटचं वर्षभर उदगीरच्या घरातून. शिफ्ट सकाळी सातची, आणि त्याआधी सहा पन्नासला सगळ्यांनी फळ्यासमोर उभं राहायचं. टीम लीड बोलणार, मग हेडफोन चढवून लॉगिन. त्याला आम्ही हडल म्हणायचो. सुरुवातीची तीन वर्षं मी हे बोलणं ऐकलं, नंतरची दोन वर्षं ते मीच केलं. मागं वळून बघताना त्या सात मिनिटांत काय बदलत गेलं, ते लिहावंसं वाटतं.

पहिले लीड कालचे आकडे वाचायचे. किती कॉल आले, किती तुटले, कुणाचा एका कॉलचा सरासरी वेळ किती. ज्याचा वेळ सगळ्यांत जास्त, त्याचं नाव शेवटी. माझं नाव दोनदा आलं. तिसऱ्यांदा येऊ नये म्हणून मी दिवसभर ‘चोवीस तासांत होऊन जाईल’ एवढं सांगून फोन ठेवत राहिले. माझा वेळ खाली आला. पण तीच माणसं दुसऱ्या दिवशी परत फोन करत होती. हे कळायची खूण सोपी होती: एकाच नंबरवरून चोवीस तासांत पुन्हा आलेले कॉल. तो आकडा फळ्यावर कधी लिहिलाच जात नव्हता.

मग जानेवारी 2019 उजाडला. आमची लाइन डीटीएचच्या ग्राहकांची होती. ट्रायचा नवा नियम 1 फेब्रुवारीपासून लागू होणार होता: प्रत्येक घरानं आपले चॅनल स्वतः निवडायचे, पहिल्या शंभर चॅनलांच्या जोडणीचे 130 रुपये, कर धरून 153 रुपये 40 पैसे, आणि पैशाच्या चॅनलांची किंमत वेगळी. एचडी चॅनल घेतला तर तो दोन चॅनलांची जागा खाणार. लातूर, नांदेड, परभणीकडून फोनची रांग लागली. निम्म्यांना नियम समजून घ्यायचा होता. बाकीच्यांचं म्हणणं एकच: पैसे कापले, मेसेज आला, पण चॅनल येईना गेलेत.

त्याच सुमारास आमच्या लीड बदलल्या. नव्या मॅडमचं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं एक हडल माझ्या वहीत जवळजवळ जसंच्या तसं आहे.

‘आज एकच काम पहिलं. निवड करून झालीय पण चॅनल दिसत नाहीत, हा कॉल पूर्ण सोडवूनच ठेवायचा. मग तो आठ मिनिटं चालला तरी चालेल, आज मी कुणाचा वेळ बघणार नाही. दुसरं, माहीत असलेली अडचण. आपण इथून रिफ्रेश पाठवतो तो उपग्रहावरून बॉक्सपर्यंत जातो. बॉक्स बंद असेल तर तो घेतच नाही. म्हणून आधी विचारा, बॉक्स चालू आहे का? मग रिफ्रेश पाठवा, बॉक्स चालूच ठेवायला सांगा, आणि चॅनल दिसला का हे लाइनवर असतानाच विचारा. नाही दिसला तरच तक्रार नोंदवा. तिसरं, दहा ते बारा गर्दी आहे. त्या वेळात ब्रेकला एकावेळी एकच जण.’

एका मुलानं विचारलं, ‘मॅडम, आम्ही पंचवीस जण आहोत. तिघं चहाला गेलो तर काय फरक पडतो?’ त्या रागावल्या नाहीत. मार्कर घेऊन फळ्यावर हिशोब मांडला. अर्ध्या तासात 120 कॉल, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे 600 मिनिटांचं बोलणं. एक माणूस अर्ध्या तासात तीसच मिनिटं देणार. म्हणजे वीस जण श्वासही न घेता बोलत राहिले, तर काम जेमतेम पुरं होणार. पण कॉल काही घड्याळ लावून येत नाहीत. एका मिनिटात नऊ येतात, पुढच्यात एकही नाही.

मग त्यांनी पुढचे आकडे लिहिले. पंचवीस जण बसलेले असतील तर फोन करणारा माणूस सरासरी बारा-तेरा सेकंद थांबतो. बावीस असतील तर पंच्याऐंशी सेकंद. एकवीस असतील तर पावणेचार मिनिटांच्या पुढं. वीसच राहिले तर रांग वाढतच जाते, ती संपतच नाही. तिघांच्या चहानं थांबणं सातपट होतं, आणि चौथा उठला की अठरापट. हे आकडे ज्या सूत्रातून निघतात ते एरलांग नावाच्या डॅनिश गणितज्ञानं 1917 मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी मांडलं, हे मला पुढं कळलं. त्या सूत्रात माणसं कंटाळून फोन ठेवत नाहीत असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात ती ठेवतात आणि दहा मिनिटांनी परत लावतात, म्हणजे 120 चे 140 होतात. अर्धवट सोडवलेला कॉलही तसाच परत येतो. म्हणूनच त्या मॅडम कॉल पूर्ण सोडवण्यावर अडून बसायच्या: लाइनवर घालवलेली जास्तीची तीन मिनिटं पुढचा अख्खा कॉल वाचवतात.

त्या दिवसाचं टार्गेटही त्यांनी फोडून सांगितलं. शंभरातले ऐंशी कॉल वीस सेकंदांत उचलायचे, हे कंपनीशी ठरलेलं माप. ‘पण दहा ते बारा हे जमणार नाही,’ त्या सरळ म्हणाल्या. ‘त्या दोन तासांत साठ धरा. नऊच्या आधी आणि एकनंतर ते भरून काढू.’ लीडनं आधीच ‘हे जमणार नाही’ म्हणणं मी तोवर ऐकलं नव्हतं. दुपारी बारापर्यंत डोक्यावरच्या पडद्यावर लाल आकडा होता, पण कुणी घाई केली नाही. पुढं फेब्रुवारीत ट्रायनं निवडीची मुदत 31 मार्चपर्यंत वाढवली, तेव्हा त्यांनी सकाळी फक्त तेवढंच सांगितलं, तीन वेळा, आणि आम्हाला पाठवून दिलं. एका हडलमध्ये एकच नवी गोष्ट टिकते, हे मी त्या सकाळी शिकले.

मार्च 2020 मध्ये ऑफिस बंद झालं आणि मी लॅपटॉप घेऊन उदगीरला आले. तोवर लीड मी झाले होते. फळा गेला, चेहरे गेले, राहिला एक कॉन्फरन्स कॉल. उभं राहून ऐकणारा माणूस कंटाळला की दिसतो, फोनवर काहीच दिसत नाही. पहिल्या आठवड्यात मी सगळं सांगायचे आणि शिफ्टमध्ये तीन जण तेच विचारायचे. मग मी दोन बदल केले. रोज सकाळी आधी विजेचं विचारायचं: कुणाकडं आज लाइन जाणार आहे, किती वाजता? कुणी किनवटला, कुणी अहमदपूरला, मी इथं नळेगाव रोडला. गर्दीच्या वेळात दोघांची वीज एकदम जाणार असेल तर ब्रेक तिकडं सरकवायचे. आकड्यांचं गणित तेच. फक्त चहाच्या जागी लाइट आली.

दुसरा बदल म्हणजे माहीत असलेली अडचण मी सांगितली की कुणा एकाला ती गिऱ्हाइकाला सांगावी तशी परत सांगायला लावायची. एका सकाळी रिफ्रेशचीच गोष्ट होती. देगलूरहून लॉगिन करणाऱ्या मुलीची पाळी आली. ती म्हणाली, ‘काका, पैसे पोचलेत, चॅनलही लागलेत. फक्त तुमचा बॉक्स झोपलाय, म्हणून निरोप त्याच्या कानावर गेला नाही. त्याला जागं ठेवा, मी आत्ताच परत निरोप धाडते.’

कॉलवर क्षणभर सगळे गप्प झाले. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, आणि सात वाजायला तीन मिनिटं असताना सगळ्यांना म्हटलं, आज हेच बोला.