शेवटून तिसरं अक्षर

ग्रीक भाषा शिकू लागलेल्या एखाद्याने आपल्या बाईंना ग्रीकमध्ये छोटासा संदेश पाठवला, असं समजा : ‘माझं नाव अमुक. काल मी धड्याचं पुस्तक विकत घेतलं.’ शब्द सगळे बरोबर आणि अक्षरंही अचूक. तरी बाईंनी तीन ठिकाणी खुणा केल्या, कारण आघाताच्या रेघा चुकल्या होत्या.

आजच्या ग्रीकमध्ये एकाहून अधिक अक्षरांच्या शब्दात ज्या स्वरावर जोर द्यायचा त्याच्या डोक्यावर छोटी तिरकी रेघ देतात. तिला ‘तोनोस’ म्हणतात. पूर्वी अशी तीन निरनिराळी चिन्हं होती. 1982 साली ती मोडीत निघून एकच उरलं. ते वगळून किंवा भलतीकडे देऊन भागत नाही. ‘पोते’ या शब्दात जोर ‘पो’वर असेल तर अर्थ ‘केव्हा?’ आणि ‘ते’वर असेल तर ‘कधीच नाही’.

मराठीत असा जोर अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान त्याकडे लक्ष देत नाही. मात्र विभक्ती लागली की शब्दाच्या आत काहीतरी हलतं, हे आपल्या ओळखीचं आहे. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व. ग्रीकमध्ये तशीच जोराची जागा हलते. त्यामागचा मुख्य नियम असा, की आघात शब्दाच्या शेवटच्या तीन अक्षरांपैकीच एकावर पडतो. चौथ्यावर कधीच नाही.

आता संदेशातली पहिली चूक. ‘धडा’ म्हणजे मा-थि-मा, जोर पहिल्या ‘मा’वर. षष्ठीत शब्द लांबून मा-थि-मा-तोस होतो. विद्यार्थ्याने रेघ पहिल्या ‘मा’वरच ठेवली. पण शेवटून मोजलं तर तो ‘मा’ आता चौथा झाला! म्हणून जोर पुढे सरकून ‘थि’वर येतो. ही चूक पकडणं सर्वांत सोपं, कारण बोटांवर मोजलं तरी कळते.

याच शब्दाचं षष्ठीचं अनेकवचन मात्र चकवतं : मा-थि-मा-तोन. अक्षरं तेवढीच चार, पण जोर ‘थि’वर न थांबता आणखी एक घर पुढे, दुसऱ्या ‘मा’वर जातो. याचं कारण प्राचीन ग्रीकमध्ये आहे. तेव्हा स्वर ऱ्हस्व-दीर्घ असत आणि शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर आघात शेवटून दुसऱ्याच्या मागे जाऊ शकत नसे. ‘तोस’मधला ओ ऱ्हस्व होता, ‘तोन’मधला दीर्घ. आज उच्चारात तो फरक उरलेला नाही, दोन्ही ‘ओ’ सारखेच ऐकू येतात. लिहिण्यात मात्र अजून दोन वेगळी अक्षरं आहेत. दीर्घता गेली, पण तिने हलवलेला आघात तिथेच राहिला. मला या भाषेतलं हे सर्वांत लोभस वाटतं : कानाला न कळणारी जुनी दीर्घता आघाताची जागा अजून ठरवते आहे.

दुसरी चूक क्रियापदाची. ‘विकत घेतो’ म्हणजे आ-गो-रा-झो, जोर ‘रा’वर. ‘घेतलं’ म्हणजे आ-गो-रा-सा. इथे विद्यार्थ्याने वर्तमानकाळातला जोर तसाच उचलला. अशा क्रियापदांच्या साध्या भूतकाळात आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर जातो, म्हणजे ‘गो’वर. क्रियापद आखूड असलं, तर तिसरं अक्षर मिळावं म्हणून पुढे ‘ए’ जोडतात : ‘ग्राफो’ म्हणजे लिहितो, पण ‘लिहिलं’ म्हणजे ए-ग्राप-सा. ‘आम्ही लिहिलं’ म्हणताना ग्राप-सा-मे अशी तीन अक्षरं आधीच असतात, म्हणून तो ‘ए’ गळून पडतो.

तिसरी चूक ‘माझं नाव’मधली. ओ-नो-मा म्हणजे नाव, जोर ‘ओ’वर. त्यामागे ‘मू’ म्हणजे ‘माझं’ येतं आणि ते आधीच्या शब्दाला चिकटून उच्चारलं जातं. ओ-नो-मा-मू अशी चार अक्षरं झाली आणि ‘ओ’ चौथा पडला. इथे जोर सरकत नाही, शब्दाला दुसरा आघात मिळतो : ‘ओ’वर एक आणि ‘मा’वर एक. लिहितानाही दोन रेघा द्याव्या लागतात. ‘माझं पुस्तक’ म्हणताना हे होत नाही, कारण वि-व्ली-ओ या शब्दात जोर ‘व्ली’वर असतो आणि ‘मू’ धरूनही तो तिसराच राहतो.

एवढ्याने सगळं सुटत नाही. आन-थ्रो-पोस म्हणजे माणूस. त्याचा जोर ‘आन’वरून षष्ठीत ‘थ्रो’वर जातो : आन-थ्रो-पू. शेवटचा ‘ऊ’ एकेकाळी दीर्घ होता, म्हणून. पण ‘सुंदर’ हे विशेषण ओ-मोर-फोस घेतलं, तर षष्ठीत तोच ‘ऊ’ लागूनही जोर ‘ओ’वरच राहतो. त्यामुळे ‘सुंदर माणसाचं’ म्हणताना शेजारच्या दोन शब्दांपैकी एकाचा आघात हलतो आणि दुसऱ्याचा हलत नाही. काही नामंही हट्टी आहेत. का-लो-ये-रोस, म्हणजे मठातला साधू, षष्ठीतही ‘लो’वरच जोर धरून राहतो. म्हणून नवं नाम वहीत उतरवताना त्याचं षष्ठीचं रूप रेघेसकट शेजारी लिहावं आणि दोन्ही एकदा मोठ्याने म्हणावीत.