एस्प्रेसो टॉनिक : दोन कडूंचा हिशेब

एस्प्रेसो टॉनिकचा ग्लास समोर आला की आधी नजर जाते ती त्याच्या थरांकडे. खाली बर्फ आणि पारदर्शक टॉनिक, वर गडद तपकिरी कॉफी, मधे दोघांची धुरकट सरमिसळ. नीट जमलेल्या ग्लासात पहिल्या घोटाला संत्र्याच्या सालीसारखा वास येतो, गोडी येते आणि शेवटी हलका कडसरपणा राहतो. बिघडलेला ग्लास दिसायला अगदी तसाच असतो, पण घोट घेतल्याबरोबर तोंड वाकडं होतं. कडवटपणा घशाशी चिकटून बसतो आणि जीभ कोरडी पडते. घरी हे पेय करून बघणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला सुरुवातीला हा दुसरा ग्लास येतो आणि दोष टॉनिकवर ढकलला जातो. तो बहुतेक वेळा कॉफीचा असतो, नाहीतर वितळलेल्या बर्फाचा.

या पेयाचं श्रेय सहसा स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्ग शहरातल्या कोपी या कॉफी भाजणाऱ्या कंपनीला दिलं जातं. 2007 च्या सुमारास त्यांनी ते आपल्या कॅफेत विकायला सुरुवात केली. स्कँडिनेव्हियात कॉफी फिकी भाजतात. अशा कॉफीत फळांसारखा आंबटगोडपणा भरपूर आणि जळकट कडूपणा कमी असतो. हे पेय त्या कॉफीवर उभं राहिलं, आणि आपल्याकडे गडद भाजलेली कॉफी घेऊन तेच करायला गेलं की ते का फसतं याचं उत्तरही तिथेच आहे.

टॉनिकचा कडूपणा क्विनीनचा. सिंकोना झाडाच्या सालीतलं हे औषध हिवतापावर दिलं जाई आणि 1858 मध्ये लंडनच्या इरॅस्मस बाँड यांनी टॉनिक वॉटरचं पेटंट घेतलं. पुढच्या दशकात इंग्रजांनी निलगिरीच्या डोंगरात सिंकोनाची लागवड केली, म्हणजे आपल्या कॉफीच्या मळ्यांच्या शेजारीच. आजच्या बाटलीत क्विनीन अगदी थोडं असतं, पण जिभेला जाणवण्यापुरतं नक्कीच असतं. त्याच्या जोडीला सायट्रिक आम्ल असतं, विरघळलेला वायू असतो आणि साखर असते. नेहमीच्या टॉनिकमध्ये 100 मि.ली.मागे साधारण 8 ते 9 ग्रॅम साखर सापडते. बाटलीच्या लेबलावर तो आकडा छापलेला असतो, विकत घेण्यापूर्वी तेवढा वाचावा.

ही साखर या पेयाचा कणा आहे. गोडी कडूपणा झाकते, आणि ग्लासात दोन वेगवेगळे कडू एकत्र आलेले असतात, एक क्विनीनचा आणि एक कॉफीचा. क्विनीनचं प्रमाण कारखान्यात ठरलेलं, त्याला आपण हात लावू शकत नाही. म्हणून तडजोड कॉफीने करायची आणि साखरेची गोडी पाण्याने पातळ होऊ द्यायची नाही. बाकी सगळ्या सूचना या दोन गोष्टींतून निघतात.

आधी प्रमाण. 18 ग्रॅम कॉफी दळून 25 ते 30 सेकंदांत साधारण 36 ग्रॅम एस्प्रेसो काढावी. तिला 120 मि.ली. टॉनिक घ्यावं, म्हणजे एकास साडेतीनच्या जवळपास. कॉफी फारच मोकळ्या, फळांसारख्या चवीची असेल तर टॉनिक 100 मि.ली. पुरतं. थोडी गडद असेल तर 150 पर्यंत जावं. त्यापुढे गेलात तर कॉफीचा फक्त रंग उरतो. 120 मि.ली. टॉनिकमधून सुमारे 10 ते 11 ग्रॅम साखर येते, म्हणजे चहाचे दोन-अडीच चमचे. कमी साखरेचं किंवा डाएट टॉनिक घेतलंत तर हा आधारच जातो. सॅकरिन असलेल्या टॉनिकमध्ये तर गोडीच्या मागोमाग स्वतःचा धातूसारखा कडवटपणाही येतो.

आता बर्फ, कारण इथे आकडे खरोखर डोळे उघडतात. समजा 36 ग्रॅम एस्प्रेसो 65 अंशांवर आहे आणि 120 मि.ली. टॉनिक फ्रीजमधून काढलेलं, 4 अंशांवर. दोन्ही एकत्र केलं तर मिश्रण साधारण 18 अंशांवर येतं. त्याला पुरतं गार करायला जवळजवळ 35 ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. तेच टॉनिक कपाटातून काढलेलं, 30 अंशांवरचं असेल तर मिश्रण 38 अंशांवर जातं आणि बर्फ वितळतो 75 ग्रॅमच्या आसपास. 156 ग्रॅमच्या पेयात 75 ग्रॅम पाणी! गोडी विरळ होते, गरम पेयातून वायू भराभर निघून जातो, आणि क्विनीनचा कडूपणा मात्र पातळ होऊनही जिभेला कळतच राहतो. उलट एस्प्रेसो काढल्यावर तिची भांडी थंड पाण्यात ठेवून ती 25 अंशांपर्यंत उतरवली आणि टॉनिक फ्रीजमधलं घेतलं, तर वितळणारा बर्फ 17-18 ग्रॅमवर येतो. घरच्या काट्यावर ग्लासाचं वजन करून हा फरक सहज तपासता येतो. म्हणून टॉनिक आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवावं, बर्फाचे तुकडे मोठे घ्यावेत आणि कॉफी निदान दोन मिनिटं थांबवून ओतावी.

ओतण्याचा क्रमही बदलू नये. आधी बर्फ, मग टॉनिक, शेवटी कॉफी, आणि ती चमच्याच्या पाठीवरून हळूहळू. गरम कॉफी टॉनिकमध्ये पडली की तिच्यातले सूक्ष्म कण आणि वरचा फेस यांच्याभोवती वायूचे बुडबुडे झपाट्याने तयार होतात आणि ग्लास फसफसून ओसंडतो. टॉनिकच कॉफीवर ओतलं तर ही घुसळण आणखी जोरात होते. ग्लासाचा एक तृतीयांश भाग वर रिकामा सोडावा. गरम कॉफी आणि टॉनिक बाटलीत भरून झाकण लावून हलवणं मात्र कधीच करू नये. आत दाब वाढतो आणि झाकण उडू शकतं.

आता झोंबणाऱ्या ग्लासाकडे परत येऊ. तो चाखून कारण ओळखता येतं. कडूपणा घोट गिळल्यानंतर जास्त वेळ राहत असेल तर कॉफी गडद भाजलेली आहे. चिकमगळूर किंवा कूर्गच्या मळ्यांची मध्यम किंवा फिकी भाजलेली, धुतलेली अरेबिका घ्या आणि गडद पाकीट दुधाच्या कॉफीसाठी ठेवा. मॉन्सून्ड मलबारची मातकट, लाकडासारखी चव दुधात छान लागते. टॉनिकमध्ये मला ती कधीच आवडली नाही. दातांना कोरडी ओढ बसत असेल, चहा जास्त उकळल्यावर लागतो तसा तुरटपणा जाणवत असेल, तर कॉफीमधून जास्त काढलं गेलं आहे. एस्प्रेसोला 35-40 सेकंद लागले असतील तर दळण थोडं जाडसर करा किंवा लवकर थांबवा. आणि आंबटपणा तीक्ष्ण, लिंबाच्या फोडीसारखा वाटत असेल तर उलट झालं आहे, कॉफी पुरेशी उतरलेली नाही. तिचा आंबटपणा टॉनिकच्या सायट्रिक आम्लावर आणि वायूच्या डंखावर चढतो. वायू पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल बनतं आणि ते जिभेवर चुरचुरतं, म्हणून शांत पाण्यात सौम्य वाटणारी कॉफी फसफसत्या पेयात टोकदार लागते. अशा ग्लासात लिंबाचा रस पिळणं म्हणजे आगीत तेल. हवी असेल तर संत्र्याची साल ग्लासावर मुरडून तिचं तेल तेवढं उडवावं.

एस्प्रेसोचं यंत्र बहुतेकांकडे नसतं. मोका पॉट असेल तर त्यात गरम पाणी घालूनच सुरुवात करावी आणि गुडगुड आवाज सुरू होताच आचेवरून काढावा, कारण त्यानंतर येणारा फिकट, फेसाळ भाग सगळ्यात कडू असतो. मोकाची कॉफी एस्प्रेसोच्या निम्म्याहूनही पातळ असते, म्हणून 60 मि.ली. कॉफीला 120 मि.ली. टॉनिक पुरे. दक्षिणी पद्धतीच्या फिल्टरमधलं डिकॉक्शन चालतं, पण त्याच्या पुडीवर चिकरी किती टक्के आहे ते आधी बघा. चिकरीचा भाजका कडूपणा क्विनीनच्या जोडीला सहन होत नाही. इन्स्टंट कॉफी टॉनिकमध्ये टाकू नये, ती भयंकर फेसाळते आणि चवीत जळकट उरते.

माझ्या मते घरच्यासाठी सगळ्यात सोपा मार्ग कोल्ड ब्रूचा आहे. 100 ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी 500 मि.ली. पाण्यात फ्रीजमध्ये 14 ते 16 तास ठेवावी, मग गाळावी. हा अर्क आधीच गार असल्यामुळे बर्फ फारसा वितळत नाही आणि कडूपणाही कमी असतो. 60 मि.ली. अर्काला 120 मि.ली. टॉनिक. टॉनिक नको असेल तर साधा सोडा घ्या, पण मग गोडी आपल्यालाच घालावी लागते. साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन केलेला 20 मि.ली. पाक टॉनिकइतकी गोडी देतो. त्यात चिमूटभर मीठ टाकलं तर कडूपणा आणखी निवळतो. सोड्याच्या लेबलावर सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं असेल तर तो टाळा, तो कॉफीचं आम्लच मारून टाकतो आणि चव सपाट होते. जिंजर एलमध्ये गोडी आधीच असते, तिथे एकास तीन धरावं. आल्याचा तिखटपणा गडद कॉफीलाही सांभाळून घेतो, त्यामुळे घरी जुनी गडद पूड शिल्लक असेल तर ती इथे वापरावी.

एक इशारा द्यायलाच हवा. क्विनीनची ॲलर्जी असलेल्यांनी टॉनिक अजिबात पिऊ नये. गरोदरपणात किंवा हृदयाच्या तालावरची औषधं चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. क्विनीन काही औषधांशी भांडतं.

पहिल्या खेपेला एक गोष्ट करून बघा. तुमची कॉफी गार होऊ द्या आणि टॉनिक न घालता, साखर न घालता एक घोट घ्या. गार कॉफी एकटी पिववत नसेल तर ती टॉनिकसोबतही पिववणार नाही. आणि उघडलेली टॉनिकची बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. वायू गेला की राहतं ते फक्त गोड, कडू पाणी. छोट्या बाटल्या घ्या, एका ग्लासाला एक.