उत्तर कमी का आलं?

केंब्रिज किंवा आयबी अभ्यासक्रमातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगाचा अहवाल आकडेमोडीपाशी संपत नाही. पुढे प्रश्न येतो : त्रुटी कुठून आल्या आणि अनिश्चितता किती, ते सांगा. पुष्कळ मुलं ‘मानवी चूक’ लिहून मोकळी होतात. त्याला गुण मिळत नाहीत आणि ते योग्यच आहे. नेमकं काय बिघडलं आणि त्यामुळे उत्तर वाढलं की घटलं, यातलं काहीच त्या दोन शब्दांतून कळत नाही.

इथेनॉलची ज्वलन-उष्णता मोजण्याचा प्रयोग घेऊ. तांब्याच्या भांड्यात १०० ग्रॅम पाणी, खाली स्पिरिटचा दिवा. समजा, ०.५० ग्रॅम इथेनॉल जळलं आणि पाणी २० अंशांनी तापलं. हिशेबाने पाण्याला ८.३६ किलोज्यूल उष्णता मिळाली, म्हणजे मोलमागे सुमारे ७६९ किलोज्यूल. पुस्तकातला आकडा आहे १३६७. तफावत ४४ टक्के.

आता उपकरणं तपासू. थर्मामीटर अर्ध्या अंशापर्यंतच खात्रीचा असेल, तर आधीचं आणि नंतरचं अशा दोन वाचनांची मिळून एक अंशाची अनिश्चितता होते. वीस अंशांत ती ५ टक्के. दिव्याच्या दोन वजनांतून ४ टक्के, मोजपात्रातून १ टक्का. एकूण १० टक्के. तफावत त्याच्या चौपटीहून जास्त आहे, म्हणजे दोष उपकरणांच्या बारकाईत नाही. प्रयोग पुन्हा पुन्हा करून सरासरी काढली, तरी ती खालीच राहील, कारण प्रत्येक वेळी चूक एकाच दिशेने होते. माझ्या मते या प्रश्नाचा गाभा ही तुलनाच आहे आणि अहवालांतून नेमकी तीच सुटते.

मग उष्णता गेली कुठे? तांब्याचं भांडं १२० ग्रॅमचं असेल, तर तेही पाण्याबरोबर तापतं. ती उष्णता हिशेबात धरली की उत्तर ८५४ च्या आसपास येतं. बराचसा भाग ज्योतीभोवतीच्या हवेत जातो. भांड्याच्या बुडाला काजळी धरली असेल, तर ज्वलन अपुरं झाल्याची ती उघड खूण आहे. शिवाय वातीवरून थोडं इथेनॉल न जळताच उडून जातं; वजनात मात्र ते जळलेलंच दिसतं. या चारही गोष्टी उत्तर खालीच ओढतात.

सुधारणाही त्या-त्या कारणाला धरूनच सुचवावी लागते. भांड्यावर झाकण ठेवावं, दिवा विझताच त्यावर टोपी बसवून लगेच वजन करावं आणि भोवती आडोसा उभारावा. पण तो चारी बाजूंनी बंद केला, तर ज्योतीला हवा कमी पडून काजळी वाढेल. म्हणून खाली हवेला वाट ठेवतात.