विश्लेषण : फोटोतील फुलदाणीचा उडालेला टवका शाबूत बाजूवरून कसा भरून काढतात?

चिनी मातीच्या फुलदाणीच्या काठाचा टवका उडालेला. पुढे ती फुटूनही गेली आणि मागे उरला तो एकच जुना फोटो. तो मोठा करून भिंतीवर लावायचा, तर नजर आधी त्या तुटक्या काठावरच जाते. फुलदाणीची दुसरी बाजू मात्र शाबूत आहे. तीच आरशासारखी उलटी करून तुटक्या जागी बसवली तर? ही युक्ती चालते, पण आकारापुरती. प्रकाशाच्या बाबतीत तीच युक्ती फसते. हे कसे, आणि त्यावर उपाय काय, याचा आढावा.

डाग पुसण्याचे साधन इथे का कमी पडते?

मोबाइलवरील बहुतेक फोटो अ‍ॅपमध्ये डाग पुसण्याची सोय असते. बोट फिरवले की आजूबाजूचा रंग आणि पोत घेऊन ती जागा भरली जाते. भिंतीवरचा डाग किंवा चेहऱ्यावरची पुटकुळी त्याने झाकता येते, कारण तिथे भरायचा असतो तो फक्त पोत. टवका उडालेल्या काठावर मात्र आकारच हरवलेला असतो. काठाची वळलेली रेषा, त्याची जाडी, आतली कड आणि त्यावरची रंगाची पट्टी यांपैकी काहीच शेजारच्या पोतात नसते. परिणामी काठ वितळल्यासारखा दिसतो किंवा मागची भिंतच फुलदाणीत शिरते.

चाकावर घडवलेल्या फुलदाणीचा आकार मधल्या उभ्या अक्षाभोवती सगळीकडे सारखा असतो. म्हणून समोरून घेतलेल्या फोटोत तिची डावी आणि उजवी बाजू एकमेकींची प्रतिबिंबे असतात. हरवलेल्या आकाराची माहिती फोटोतच, अक्षापासून तितक्याच अंतरावर पण दुसऱ्या बाजूला असते.

अक्ष नेमका कसा शोधतात?

सारे काम या एका रेषेवर अवलंबून असते आणि ती नजरेने ठरवणे धोक्याचे ठरते. समजा, फोटो ३००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच आहे. फुलदाणीच्या तळाशी डावी कड ९८० वर आणि उजवी कड २०२० वर आहे. दोन्हींची बेरीज करून निम्मे केले की मध्य येतो १५००. त्याच्या १६०० पिक्सेल वर, मानेपाशी, कडा १२२२ आणि १८१० वर आहेत. तिथला मध्य येतो १५१६. म्हणजे अक्ष १६ पिक्सेलने उजवीकडे झुकलेला आहे. हा कल अर्ध्या अंशाहून किंचित जास्त भरतो. डोळ्याला तो जाणवतही नाही, पण तसेच उलटवले तर काठावर स्पष्ट पायरी दिसते. म्हणून आधी फोटो तेवढाच उलट दिशेने फिरवून घ्यायचा आणि मोजमाप पुन्हा करायचे. तळ, पोट आणि मान या तिन्ही ठिकाणी मध्य एकच आला, तर अक्ष मिळाला असे समजावे.

तिन्ही मध्य जुळूनही दोन्ही बाजू जुळत नसतील, तर फुलदाणी बहुधा फोटोच्या कोपऱ्याकडे होती. मोबाइलचे भिंग रुंद कोनाचे असल्याने कोपऱ्याकडच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात. अशा वेळी उलटा तुकडा किंचित अरुंद किंवा रुंद करून बसवावा लागतो.

प्रत्यक्ष तुकडा कसा बसवतात?

यासाठी लेयरची सोय असलेले साधन हवे. लेयर म्हणजे मूळ फोटोवर ठेवलेला पारदर्शक कागदच. संगणकावर ‘गिम्प’ हे मोफत साधन आहे, तर ‘फोटोपी’ ब्राउझरमध्ये चालते.

वरच्या उदाहरणात फोटो सरळ केल्यावर अक्ष १५१० वर आला आणि टवका उजव्या काठावर १६९० ते १७७५ या भागात आहे, असे धरू. प्रतिबिंबाची जागा काढण्यासाठी अक्षाच्या दुपटीतून, म्हणजे ३०२० मधून, हे आकडे वजा करायचे. उत्तर येते १३३० आणि १२४५. म्हणजे डाव्या काठाचा १२४५ ते १३३० हा भाग हवा. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना ४० पिक्सेल जास्त घ्यावेत, कारण सांधा मिसळायला जागा लागते. हा तुकडा नव्या लेयरवर घेऊन गिम्पमध्ये `Flip Horizontally` ने उलटवायचा आणि टवक्यावर सरकवायचा. त्या वेळी लेयरची अपारदर्शकता निम्मी ठेवली की खालचा शाबूत काठ आणि वरचा तुकडा दोन्ही दिसतात. टवक्याच्या दोन्ही टोकांना काठाची रेषा एकावर एक बसली पाहिजे. एकाच टोकाला बसत असेल, तर चूक अक्षाच्या कलात आहे. अशा वेळी तुकडा ओढूनताणून बसवण्यापेक्षा मागे जाऊन अक्ष सुधारावा.

त्यानंतर `Add Layer Mask` ने मास्क लावून जादा भाग झाकायचा. खोडण्याऐवजी झाकण्याचा फायदा असा की चूक झाली तर तो भाग परत आणता येतो. काठाच्या बाहेरची भिंत मात्र उलट्या तुकड्यातून घेऊ नये, कारण पार्श्वभूमीला फुलदाणीची सममिती लागू नसते. ती शेजारच्या भिंतीवरूनच भरावी.

प्रकाश का फसवतो?

फुलदाणी दोन्हीकडे सारखी असली, तरी तिच्यावर पडलेला उजेड सारखा नसतो. खिडकी डावीकडे असेल, तर डावा काठ उजळ आणि उजवा सावलीत असतो. उजळ तुकडा उलटवून सावलीत ठेवला की आकार अचूक असूनही ठिगळ ओरडून दिसते.

इथेही मोजमाप कामी येते. रंग दाखवणाऱ्या साधनाने उजव्या काठावर टवक्याला लागून असलेल्या शाबूत जागेची उजळता पाहायची. ० ते २५५ या मापात ती ११० आहे आणि तुकड्याची १६५, असे समजू. म्हणजे तुकडा दोन तृतीयांशावर आणायचा. `Curves` मध्ये १६५ चा बिंदू खाली ओढून ११० वर नेला की हे साधते. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे वेगवेगळे पाहावेत, कारण खिडकीकडचा आणि खोलीकडचा उजेड एकाच रंगाचा नसतो.

चकाकी ही त्याहून अवघड गोष्ट आहे. झिलईवर खिडकीचा पांढरा ठिपका पडलेला असतो आणि तो ‘कर्व्हज’ने जात नाही. तुकड्यात तो आला, तर फुलदाणीवर दोन्हीकडून खिडक्या असल्यासारखे दिसते. अशा वेळी काठाची रेषा उलट्या तुकड्यातून घ्यावी आणि झिलईचा पृष्ठभाग टवक्याच्या वरखालच्या शाबूत भागातून भरावा. आकार एका जागेहून आणि उजेड दुसऱ्या जागेहून घेणे, हेच या कामाचे मर्म.

नक्षी असेल तर?

पानाफुलांची साधी पट्टी उलटवली तरी खपते. वेल एकाच दिशेने वळत असेल, पक्षी सगळे उजवीकडे पाहत असतील किंवा अक्षरे असतील, तर प्रतिबिंब चुकीचे ठरते. अशा वेळी शेजारचाच नक्षीचा घटक न उलटवता सरकवून घ्यावा. मात्र फुलदाणी गोल असल्याने कडेकडे नक्षी आक्रसते. अगदी समोर १०० पिक्सेल रुंद दिसणारे पान, मध्यापासून ६० अंशांवर सुमारे ५० पिक्सेलचेच दिसते. तेवढे अरुंद न करता चिकटवलेले पान सपाट कागदासारखे वाटते.

खेळण्याला हीच रीत लागू होते का?

काही प्रमाणात. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारखा एखादा घोडा समोरून टिपलेला असेल आणि त्याचा एक कान तुटला असेल, तर दुसरा कान उलटवून बसतो. घोडा तिरका उभा असेल, तर कॅमेऱ्यापासून दूरचा कान लहान दिसतो आणि त्याची वेगळीच बाजू समोर येते. तिथे उलटवलेला कान बाहुलीवर चिकटवलेल्या कागदासारखा दिसतो. बाहुलीचा एक हात वर आणि दुसरा खाली असेल, तर उलटवण्यासारखे काही उरतच नाही.

चाकाची गोष्ट सोपी आहे. आठ आऱ्यांच्या चाकाचा एक आरा तुटला असेल, तर शेजारचा आरा चाकाच्या मध्याभोवती ४५ अंश फिरवला की जागेवर बसतो. चाक फोटोत पूर्ण गोल दिसत असेल तरच हे थेट जमते.

वस्तू हातात असेल तर?

मग उलटवण्याची गरजच नाही. मोबाइल स्टँडवर स्थिर ठेवून एक फोटो घ्यावा, फुलदाणी तिच्याच जागी थोडी फिरवून शाबूत काठ टवक्याच्या ठिकाणी आणावा आणि त्याच उजेडात दुसरा फोटो घ्यावा. दुसऱ्या फोटोतला काठ पहिल्यात बसवला की आकारही बरोबर येतो आणि सावलीही. नक्षी असल्यास ती तेवढी जुळवावी लागते.

दुरुस्ती फसली हे कसे ओळखावे?

फोटो आडवा उलटवून पाहावा. सवयीमुळे नजरेआड झालेला वाकडा काठ लगेच दिसतो. झिलईवरचा एखादा काळा ठिपका डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच अंतरावर आला, तर नक्कल उघडी पडते. म्हणून तुकड्यातले असे ठिपके आधी पुसावेत. कमी उजेडातल्या फोटोत बारीक दाणे असतात. फिरवणे, ताणणे यांमुळे तुकडा गुळगुळीत होतो आणि त्या दाण्यांमध्ये वेगळा दिसतो. त्यावर थोडे दाणे परत घालावे लागतात.

आणि प्रामाणिकपणाचे काय?

भिंतीवर लावायच्या फोटोत टवका भरण्याला हरकत नाही. तीच फुलदाणी विकायची असेल किंवा नुकसानीचा दावा करायचा असेल, तर टवका दिसलाच पाहिजे. संग्रहालयांच्या जगात यावर जुना विचार झालेला आहे. रोममधील केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेत चेझारे ब्रांदी यांच्या मार्गदर्शनाखाली १९४० च्या दशकात चित्रांतील गळालेला भाग बारीक उभ्या रेषांनी भरण्याची पद्धत विकसित झाली. दुरून चित्र सलग दिसते, पण जवळ गेले की कोणता भाग नंतरचा आहे ते कळते.

घरच्या फोटोसाठी याचा अर्थ इतकाच, की मूळ फाइलला हात लावू नये, लेयर असलेली प्रत वेगळी ठेवावी आणि छापील फोटोच्या मागे ‘उजवा काठ डाव्या बाजूवरून पुन्हा रचला’ अशी एक ओळ लिहावी. पुढच्या पिढीला फुलदाणी कशी दिसत होती हे कळेल आणि टवका कुठे उडाला होता हेही.