सॅलन-की फिल्टर: १ किलोहर्ट्झचा हिशेब

डॅम्पिंग आधी: एका ऑप-अँपच्या या लो-पास फिल्टरमध्ये दोन्ही रेझिस्टर सारखे आणि गेन १ ठेवला, की डॅम्पिंग फक्त कपॅसिटरांच्या गुणोत्तरावर ठरते: `Q = ½√(C1/C2)`. C1 आउटपुटकडून मागे येतो, C2 ग्राउंडला जातो. कटऑफपाशी उसळी नको असेल तर Q ०.७०७ हवा, म्हणजे C1 हा C2 च्या दुप्पट. C2 साठी १० नॅनोफॅरड घ्या. C1 साठी तसेच दोन समांतर जोडा.

मग कटऑफ: `R = 1/(2πf√(C1·C2))`. उत्तर येते सुमारे ११.२५ किलोओहम, १ टक्का टॉलरन्सचा ११.३ किलोओहम चालतो.

तपासणी: १ किलोहर्ट्झला १ व्होल्ट दिल्यास ०.७१ व्होल्ट मिळावा. ०.३५ मिळाला, तर कपॅसिटरांची अदलाबदल झाली आहे.