पास, तिकीट की स्कूटर?

आमच्या शेजारी निपाणीचा एक मुलगा राहतो, पहिलीच नोकरी. त्याने विचारलं, "काका, कर्जावर स्कूटर घेऊ का? बसला फार पैसे जातात." आज त्याचाच हिशेब मांडू या.

बंगळुरूत बीएमटीसीच्या साध्या बसचा मासिक पास जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर 1,200 रुपयांना झाला. महिन्याचे कामाचे दिवस 22 धरले, तर दिवसाला साधारण 55 रुपये पडतात. ही झाली सीमारेषा. रोजची तिकिटं 55 च्या आत असतील तर पास काढू नका.

एका बसने थेट जाणाऱ्याचं तिकीट 23 रुपये असेल, तर जाऊन-येऊन 46 होतात आणि महिन्याचे 1,012. म्हणजे त्याला पास महागच. पास वसूल होतो तो बस बदलणाऱ्याला, कारण दुसऱ्या बसमध्ये नवं तिकीट काढावं लागतं. आमचा मुलगा कम्मनहळ्ळीहून शिवाजीनगरला येतो आणि तिथून जयनगरची बस धरतो. एका फेरीची तिकिटं 18 आणि 23 धरली, तर दिवसाला 82 आणि महिन्याला 1,804 होतात. पासने 604 रुपये वाचतात, पंधराव्याच दिवशी पैसे वसूल. मात्र आठवड्यातून दोन दिवस घरून काम असेल तर ऑफिसचे दिवस उरतात 13, तिकिटं होतात 1,066 ची. मग सुटी तिकिटंच बरी.

आता स्कूटर. एका बाजूला 14 किलोमीटर, म्हणजे महिन्याला 616. इथल्या सिग्नलांवर लिटरला 40 चं मायलेज आणि पेट्रोल 103 रुपये धरलं, तर नुसतं पेट्रोलच 1,586 चं. सर्व्हिसिंग आणि टायरचे 300 धरा, म्हणजे झाले सुमारे 1,900. गाडी घरात आधीपासूनच असेल तर हिशेब इथे थांबतो, कारण विमा आणि घसारा तसाही लागणारच. पण ऑफिससाठीच नवी घ्यायची, तर 1,10,000 ची गाडी आठ वर्षांनी 30,000 ला विकली तरी महिन्याला 830 रुपये झिजले. विम्याचे 150 मिळवले की 2,880 होतात. कर्जाचं व्याज वेगळंच.

म्हणजे पासपेक्षा स्कूटरला महिन्याला 1,680 जास्त. ते रोजचा किती वेळ वाचवण्यासाठी मोजायचे, हे घड्याळ लावून आठवडाभर लिहून काढा आणि मग ठरवा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. साधा पास वज्र एसी बसमध्ये चालत नाही. आणि 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे, पण त्यासाठी कर्नाटकची रहिवासी असल्याचं ओळखपत्र लागतं. कोल्हापूरच्या पत्त्याचं आधार घेऊन आलेल्या मुलीला तिकीट किंवा पास लागणारच.

भाडं बदललं तर नवे आकडे घाला, रीत हीच. पुढच्या भागात भेटू.